कपाटामागची भिंत

शेगावात माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम कमी झाले तशी मी लॉजवाल्यांच्या खोल्यांचे फोटो काढायला लागले, आणि त्यातूनच पुढे भाड्याने द्यायच्या घरांचेही. लोक आता मोबाईलवर फोटो बघूनच घर पसंत करतात, त्यामुळे खोली नीटनेटकी दिसावी अशी प्रत्येक घरमालकाची इच्छा असते. वाळत घातलेले कपडे, चार्जरच्या लोंबणाऱ्या वायरी, औषधांच्या बाटल्या, देवाच्या कॅलेंडरशेजारी अडकवलेली लाईटबिलं. शक्य तेवढं मी हातानेच आवरते. जे हलत नाही ते नंतर कॉम्प्युटरवर पुसते.

या कामात मी एक नियम पाळत होते. भाडेकरू येण्याआधी जे खरोखर उचललं जाणार आहे, ते फोटोतून उचलायचं. जे राहणार आहे ते राहू द्यायचं, मग ती भिंतीवरून गेलेली वायरीची पट्टी असो की फरशीचा तडा. एका लॉजवाल्याने खिडकीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर पुसून मागितला होता. मी नाही म्हटलं. तो रागावून दुसरीकडे गेला, आणि मला त्या नकाराचा बरेच दिवस अभिमान वाटत राहिला.

काकूंचं काम आलं ते उन्हाळा संपता संपता. काकू म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, सत्तरीच्या आसपासच्या बाई. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या मागच्या अंगाच्या खोलीत राहायच्या, आणि पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने द्यावं असं पुण्यातल्या मुलीने ठरवलं होतं. एकट्या आईजवळ कोणीतरी माणूस असावं, एवढाच तिचा हेतू. जाहिरात ती तिथून टाकणार होती, फोटो मी काढायचे होते.

पहिली खोली सोपी होती. दुसऱ्या खोलीच्या दारात मात्र काकू थांबल्या. तिथे काकांचा पलंग होता. उशाशी स्टुलावर औषधं, वाफ घ्यायचं मशीन, चष्मा, घडी केलेला मफलर. खिळ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अडकवलेला. पलंगाला लागून लोखंडी कपाट, आणि त्यावर छतापर्यंत रचलेल्या गाद्या.

मी मफलर उचलायला हात पुढे केला तर काकू म्हणाल्या, "राहू दे वं. हात नको लावू त्याले."

"काकू, फोटोत हे बरं दिसणार नाही. चिठ्ठ्यांवर काकांचं नाव, वय, आजार, सगळं लिहिलेलं आहे. अनोळखी लोक बघतील."

"मंग फोटोतून काढ ना. तुले जमते म्हणते पोरगी." मफलरकडे बघत त्या म्हणाल्या, "खोलीतलं मी उचलीन. भाडेकरू यायच्या आधी उचलीन. पण आज नाही."

त्यांचा शब्द मला पुरेसा होता. पलंग, कपाट, गाद्या, औषधं, सगळं जाणारच होतं. माझ्या नियमात ते बसत होतं. मी दाराच्या कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून फोटो काढले. खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसू नये म्हणून रुंद लेन्स लावली नाही. त्या वेळी मी हा विचारसुद्धा केला होता, हे आठवलं की अजून लाज वाटते.

स्टुडिओत येऊन मी एकेक वस्तू पुसायला घेतली. हल्ली ते काम फार सोपं झालंय. वस्तूभोवती रेघ ओढायची, बटण दाबायचं, आणि आजूबाजूचा रंग बघून मागची जागा कॉम्प्युटर स्वतःच भरतो. तो मागे काय आहे ते दाखवत नाही. मागे काय असेल याचा अंदाज बांधतो. स्टूल गेलं, चिठ्ठ्या गेल्या. मशीनची वायर पुसली आणि भिंतीतला बोर्ड जपून ठेवला. मग कपाट पुसलं. त्याच्या जागी फिक्या पिस्ता रंगाची अखंड भिंत आली. खालची फरशीची पट्टीसुद्धा सरळ जुळली.

मूळ फोटोत कपाटाच्या कडेला, दोन बोटं रुंद जागेत, रंगाला फुगा आल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मला ते दिसलं होतं. मोठं करून बघितलंही होतं. गाद्यांची सावली असेल असं म्हणून मी पुढे गेले. भिंत तयार झाली तेव्हा तो फुगाही तिच्यात विरघळून गेला.

महिन्याभरात घर भाड्याने गेलं. बँकेत बदली होऊन गडचिरोलीकडून येणारं जोडपं होतं, सात वर्षांची मुलगी. मुलीला दमा. बापाने फोनवर काकूंना दोनदा विचारलं, भिंतींना ओल तर नाही ना? काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. काकूंच्या मुलीनेही त्याला सांगितलं, फोटो बघा, भिंती स्वच्छ आहेत. मधे एकदा येऊन बघायला त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याने फोटोंवर विश्वास ठेवला.

ते आले त्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "तू आत्ताच्या आत्ता ये."

दारात सामानाचा टेम्पो उभा होता, अर्धा रिकामा. काकूंनी आदल्या दिवशी काकांच्या वस्तू स्वतःच्या खोलीत नेल्या होत्या, पण पलंग आणि कपाट त्यांना एकटीला हलणार नव्हते. त्यातलं कपाट टेम्पोवाल्यांनी त्या सकाळी हलवलं होतं. मी आत गेले. कपाटाच्या जागी भिंत फरशीपासून कमरेच्या वरपर्यंत काळी पडली होती. पोपडे सुटले होते, चुना हाताला लागत होता, आणि बुरशीचा तो कोंदट वास खोलीभर सुटला होता. पलीकडच्या घराची मोरी नेमकी त्याच भिंतीला लागून होती.

मुलीची आई खोलीच्या मधोमध उभी होती. मुलगी बाहेर टेम्पोच्या सावलीत बापाजवळ बसली होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. आईने मोबाईल माझ्यासमोर धरला. माझाच फोटो.

"ताई, ही भिंत कोणाच्या घरची आहे?"

मी म्हटलं, "कपाट होतं तिथं. मी ते पुसलं."

"आणि मागची भिंत?"

"ती मी बघितली नव्हती."

"न बघता काढली?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आम्ही एकच गोष्ट विचारली होती. तिकडचं घर सोडून आलो आम्ही."

काकू मधे पडल्या. "बाई, मले खरंच माहीत नव्हतं. ते कपाट माह्या लग्नापासून तिथंच हाय. कोणी हलवलंच नाही."

"काकू, तुम्हाला नाही म्हणत मी," ती म्हणाली. म्हणजे ती कोणाला म्हणत होती ते उघड होतं.

काकूंनी मग आपली मागची खोली त्यांना दिली. ती कोरडी होती, दोन खिडक्यांची होती. स्वतः त्या स्वयंपाकघरात झोपल्या. नवं घर मिळेपर्यंत आठवडाभर ते कुटुंब तिथे राहिलं. मी रोज संध्याकाळी त्या माणसाबरोबर घरं बघत फिरले. प्रत्येक घरात मी कपाटामागे हात घालून भिंत चाचपत होते, आणि तो मागे उभा राहून बघायचा. स्टेशनच्या बाजूला त्यांना बरं घर मिळालं. निघताना त्याने नमस्कार केला, तिने केला नाही.

जाहिरातीतला तो फोटो मी ओल दिसली त्याच दिवशी काढून टाकायला लावला होता आणि काकूंच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थोडीच केलंत." तिने समजूत घातली, पण मला ती घेता आली नाही. मुद्दाम केलं नव्हतं हे खरं. फुगा दिसला होता हेही खरं. ते मी तिला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

पण खरं जड गेलं ते दुसरंच. घर रिकामं झाल्यावर मी काकूंकडे गेले. काकू त्याच खोलीत, काकांच्या पलंगावर, काळ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. 

"इथं झोपत होते ते," त्या म्हणाल्या. "डोकं असं इकडं, कपाटाले लागून. सहा वर्सं खोकलत होते. डॉक्टर म्हणे बिडीचं हाय. मी बिडी लपवून ठेवत होती, भांडत होती त्याइच्याशी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या भिंतीनं तर नसन ना झालं?"

मी म्हटलं, "काकू, डॉक्टरांनी तपासलं होतं ना."

"हाव. पण डॉक्टर घरी कुठं आला होता."

  ओल तेव्हापासून होती की नंतर आली, ते कळायला मार्ग नव्हता. मी एवढंच म्हटलं की तुम्ही त्यांचं खूप केलं. त्यांनी मान हलवली, पण डोळे भिंतीवरच होते. ते कपाट मी फोटो काढले त्या दिवशीच सरकवायला लावलं असतं तर त्यांना हे परक्या माणसांसमोर, टेम्पो दारात असताना बघावं लागलं नसतं. माझ्या मनातून ते काही केल्या जात नाही.

पुढे पलीकडच्यांनी मोरीचा फुटका पाईप बदलला. गवंड्याने खालचं प्लास्टर खरवडून काढलं, भिंत बरेच दिवस तशीच उघडी वाळत ठेवली आणि मग नवीन गिलावा केला. काकूंनी मला पुन्हा फोटो काढायला बोलावलं. मी जायला घाबरत होते, तरी गेले. या वेळी खोली खरोखर रिकामी होती. चारही भिंतींचा वेगवेगळा फोटो घेतला. नव्या गिलाव्याचा रंग बाकीच्या भिंतीशी जुळत नव्हता, मोठा चौकोन उठून दिसत होता.

"तो चौकोन काढून टाकशीन?" काकूंनी विचारलं. मी नाही म्हटलं. फोटोखाली लिहायला मुलीला सांगितलं की इथे ओल होती, पाईप आणि गिलावा नवीन केला आहे, येऊन बघून मगच ठरवा.

घराला भाडेकरू लवकर मिळेना. दोघं-तिघं तो चौकोन बघून फोनवरच नाही म्हणाले. शेवटी हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या दोन नर्स आल्या. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, वास घेतला, आणि राहिल्या.

हल्ली मी काम घेताना आधीच सांगते, कपाट सरकवल्याशिवाय पुसणार नाही. काहीजण कंटाळतात, म्हणतात, फोटोच तर काढायचाय. काकू रस्त्यात भेटल्या की चहाला बोलावतात. त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही. त्यांच्या मनातून तो गेला असेल असं मात्र मला वाटत नाही.