पालकसभेतली दहा मिनिटं

ते परिपत्रक मीच लिहिलं होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. दोन हजार सालानंतरचे दिवस. तोवर आमच्या शाळेत पालकसभा म्हणजे नुसता गोंधळ. म्हणून मी हजेरी क्रमांकाप्रमाणे प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं वाटून दिली. शनिवार, स्थळ आठवी ‘ब’ची खोली. वेळ बदलायची असेल, तर दुसऱ्या पालकाशी अदलाबदल ठरवून खालच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या करायच्या आणि ती गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकाला द्यायची. वर्गशिक्षक मीच.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची एक बाई चिठ्ठी घेऊन आली. तिच्या मुलीची वेळ दुपारी तीन-वीसची होती. सकाळच्या दहा-वीसच्या पालकाशी तिने अदलाबदल ठरवली होती. गावातला बागायतदार होता तो. खाली त्याची सही, शेजारी तिचा अंगठा.

“सर, उद्या बाराला ऊसतोडीचा ट्रक निघून राहिला,” ती म्हणाली. “पोरीचा बाप म्हणते, सरांनी सांगितलं तर पोरगी आजीपाशी ठेवतो, न्हाई तर संगं नेतो. तुमी त्यायला दोन शब्द सांगा.”

“मुदत काल संपली.”

“काल दोन चकरा मारल्या सर त्यायच्या घरी. ते शेतातून दिवस बुडल्यावर आले.”

तक्ता मी आदल्याच दिवशी तांबड्या-निळ्या शाईने लिहून दारावर लावला होता. त्यात खाडाखोड करणं माझ्या जिवावर आलं. खरं कारण एवढंच. तिला मात्र म्हणालो, “एकाला सूट दिली की सगळेच मागतात. तीन-वीसलाच या.”

तिने चिठ्ठीची घडी घातली. “बरं सर,” म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दहा-वीसला कोणीच आलं नाही. समोरची खुर्ची रिकामी. मी चहा मागवला आणि सावकाश प्यायलो.

तीन-वीसला तो बागायतदार ऐटीत आत आला. “आमी वेळ बदलून घेतली व्हती ना, सर. त्या बाईनं चिठ्ठी दिली असंल.” मी एकदा दाराकडे पाहिलं. त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. “बसा की,” म्हणालो. दहाची वीस मिनिटं झाली. पोराचं गणित, शिकवणी, सगळं सविस्तर बोललो.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, सभा पहिल्यांदाच वेळेवर आटोपली म्हणून. घरी जाण्याआधी मी नोंदवही पुरी केली. बागायतदाराच्या मुलासमोर लिहिलं, ‘पालक उपस्थित’. त्या मुलीच्या नावासमोर, ती ट्रकमध्ये बसून गेली हे ठाऊक असताना, लिहिलं, ‘पालक गैरहजर. मुलीच्या शिक्षणाबाबत उदासीन.’