विम्याला न दिसलेली दगडाबाई

कोलशेतची सगुणामावशी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून नव्व्याण्णव साली तिनं मोबाइल घेतला. दुकानदारानं गळ्यात मारलेल्या वाढीव वॉरंटीचे पैसेही भरले. पुढं फोन बर्फाच्या पाण्यात पडला, तेव्हा तोच दुकानदार म्हणाला, "मावशी, वॉरंटी आपोआप बिघडलेल्या फोनला. पाण्यात पडलेला, आपटलेला, चोरीला गेलेला चालत नाही."

"मग पैसे घेताना तोंडात मिठाची गुळणी धरलेलीस काय रे?"

दुसऱ्या फोनचा तिनं विमाच काढला. त्यात पाणी, आपटणं, चोरी, सगळं होतं म्हणे.

एकदा फोन टोपलीत ठेवून ती नळावर निघाली. शेजारच्या दगडाबाईला नेहमीसारखं म्हणाली, "लक्ष ठेव गं." वीस वर्षं दोघी एकमेकींच्या टोपल्या अशाच राखायच्या. दगडाबाई गिऱ्हाइकाला पापलेट कापून देत होती, तेवढ्यात कुणीतरी फोन उचलला.

विम्याच्या ऑफिसात साहेबानं विचारलं, "कुलूप तोडलं? हिसकावून नेला?"

"टोपलीला कुठलं आलंय कुलूप?"

"मग क्लेम बसत नाही. वस्तू बेवारस सोडलेली."

साक्षीला आलेली दगडाबाई पुढं झाली. "बेवारस कशी? मी होते ना तिथं!"

साहेबानं मान वरसुद्धा केली नाही. "तुम्ही असून नसल्यासारख्या."

दुसऱ्या दिवशी मावशी नळावर निघाली, ती अख्खी टोपली डोक्यावर घेऊन. दगडाबाई मान खाली घालून पापलेट कापत राहिली.