त्याच तोडीचा पेपर

तळेघरकडून येणारी बस चुकली, म्हणून दहावीतल्या एका मुलीचा सहामाहीचा बीजगणिताचा पेपर बुडाला. तिच्यासाठी फेरपरीक्षेचा पेपर मी काढला. धडे आणि गुण तेच ठेवून फक्त आकडे बदलले. शाळेतल्या दुसऱ्या गणिताच्या बाईंनी दोन्ही पेपर सोडवून पाहिले आणि म्हणाल्या, "सर, जुन्या वर्गसमीकरणाचे अवयव पडत होते. याचे पडत नाहीत." मला राग आला, पण बाई बरोबर होत्या. मी समीकरणातल्या अकराचे दहा केले, तेव्हा अवयव पडले. मुख्याध्यापकांनी काठिण्यपातळी समान असल्याची सही केली.

फेरपरीक्षेला बस पुन्हा चुकायला नको म्हणून मुलगी भल्या पहाटे निघून डोंगरवाटेनं चालत आली. दोन गणितं सोडवून बाकावर डोकं टेकून झोपली. मी हलवून उठवलं, तर पुटपुटली, "पेपर सोपा हाय सर. डोळंच उघडंना."