मी गाळलेलं पान

इंग्रजी पुस्तक मराठीत सांगताना मी त्यातलं एक आख्खं प्रकरण गाळलं, आणि वर स्वतःला फार शहाणी समजले. तेव्हा मी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा आणि नाकापेक्षा वर अक्कल. आता नातवंडांपुढं मी मोठा आव आणते, पण तेव्हाची ती बाई आठवली की मलाच तिचे कान उपटावेसे वाटतात.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला एसटीत बसलं की छातीत धडधडायचं, हातापायाला मुंग्या यायच्या आणि "आता मी मरती" असं वाटायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. मग पुण्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला एक इंग्रजी कार्यपुस्तक दिलं. वाचायचं, लिहायचं, करून बघायचं, असं. ते तिला मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. घाईचं कारण होतं. इंदापूरच्या एका मुलींच्या शाळेत तिला शिवणकाम शिकवायची नोकरी मिळाली होती आणि शाळा उघडली की रोज एसटीनं जायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचं असं काही मिळत होतं.

पुस्तक भलतं सरळ होतं. मनात काय येतं ते लिहा. ते किती खरं वाटतं, शंभरातले किती, ते लिहा. पुरावा काय, उलट पुरावा काय. मग सोप्याकडून अवघडाकडं एकेक पायरी: स्टँडवर उभं राहणं, उभ्या गाडीत बसणं, भवानीनगरपर्यंत जाणं, मग लासुर्णं, निमगाव, आणि शेवटी इंदापूर. घाबरं झालं तरी मधे उतरायचं नाही. आपण ज्याला भितो ते घडतं का, हे बघायचं.

आणि एक प्रकरण घरच्यांसाठी होतं. माणूस ज्याच्या आधारानं भीती रेटतो ते हळूहळू काढून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. पाण्याची बाटली, औषधाची पुडी, सोबतीचं माणूस. सारखा धीर देऊ नका, म्हणे. मी वाचलं आणि मनात म्हटलं, परदेशात आपल्या माणसाला असं वाऱ्यावर सोडत असतील, आमच्यात नाही! पान उलटलं. तिला म्हटलं, "ह्यात काही नाही, दवाखान्यांचे पत्ते-बित्ते आहेत."

मग दर सुट्टीला आमची स्वारी निघायची. ती खिडकीशी, मी शेजारी, माझ्या पर्समध्ये फोडलेला कांदा. ती पांढरी पडली की मी कांदा नाकाला लावायची, हात दाबायची. आख्ख्या गाडीला वास. एकदा कंडक्टर म्हणाला, "मास्तरीणबाई, भाकरी बी काढा की आता!" सगळे हसले, तीही हसली. इंदापूरपर्यंत आम्ही जाऊन आलो. परत आल्यावर तिनं पुस्तकात लिहिलं, 'काय झालं न्हाय. आक्का होती म्हनून वाचले.' ते वाक्य मी शाळेत सगळ्या बायकांना सांगत सुटले होते. केवढी मिरवले!

शाळा उघडली तो तिचा पहिला दिवस, आणि माझ्याही शाळेचा. "एवढं जमलंय, आता काय," म्हणून मी माझ्या वाटेनं गेले. संध्याकाळी घरी आले तर ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, साडी सकाळचीच. सकाळी म्हणे गाडीत बसली, कांदा हुंगला, दाराकडं बघितलं आणि गाडी हलायच्या आत उतरली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. नोकरी दुसरीला दिली गेली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तिचं ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. "घरच्यांचं प्रकरण वाचून दाखवलंत ना?" मी नाही म्हणून मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते पान काढून तिथंच तिला मराठीत सांगितलं.

त्यानंतर तिनं पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली, एकटीनं, कांद्याशिवाय. ती स्टँडकडं निघाली की मी ओट्यावरून बघायची. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती इंदापूरला जाऊन आली, त्या शाळेच्या फाटकापर्यंत. आत शिवणयंत्रांचा आवाज येत होता म्हणाली.

मी तिला पाणी दिलं आणि चुकलं गं माझं, म्हटलं. ती तांब्या खाली ठेवत म्हणाली, "आक्का, तुमी मला मरू दिलं न्हाय, व्हय. पर मी मरनारच न्हवते, ह्ये बी कळू दिलं न्हाय."