माइकची कळ

मला स्वस्थ बसता येत नाही. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, ती भिंगरी पुढे बोटांतही उतरली. महाळुंग्याच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाशी बसले की उजवा पाय हलत राहतो आणि बोटं कीबोर्डवर काहीतरी शोधत राहतात. लोकांना वाटतं, बाई फार कामसू आहे. तसं काही नाही, मला नुसती चुळबुळ लागते.

आम्ही गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवतो. ट्रक भरण्याआधी लॉटमधले काही शाफ्ट मोजतात. ते मोजायचे काका. काका निघोज्याचे, कारखान्याचा पहिला पत्रा चढला तेव्हापासूनचे. मी त्यांच्या वरची इंजिनिअर, पण वयाने त्यांच्या मुलीएवढी. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पितळी शिक्का असायचा, त्यावर त्यांचा नंबर. तो शिक्का ज्या रिपोर्टवर उठला, त्यातला आकडा खरा, असं सगळा कारखाना मानायचा.

दोन वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं की आकडे कागदावर लिहिणं बंद, शिक्का फक्त शेवटी छापलेल्या रिपोर्टवर. आता काका माप घेणाऱ्या गेजचं बटण दाबतात आणि आकडा वायरीतून थेट एक्सेलच्या रकान्यात पडतो. मापाबाहेर असेल तर रकाना लाल होतो. लाल एकही आला तर सगळा लॉट एकेक करून तपासायचा. टेबलावर लॅपटॉप मात्र एकच, माझा. सकाळी दहाला ग्राहक कंपनीशी ऑनलाइन मीटिंग, तीही त्याच लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये. आकडे पडावेत म्हणून एक्सेल पुढे ठेवायचं, मीटिंग मागे. पाठीशी ग्राइंडिंगची मशिनं किंचाळत असतात, म्हणून माइक कायम बंद. नाव पुकारलं की मीटिंग पुढे आणायची, कंट्रोल आणि डी दाबून माइक उघडायचा, बोलायचं, पुन्हा तेच दाबून बंद करायचा. दिवसातून तीस वेळा तरी. माझ्या बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला विचारण्याची गरजच उरली नव्हती.

त्या दिवशी मी हेडफोन लावून बसले होते. काका म्हणाले, "मॅडम, योक लाल आलाय. बघून घ्या."

मी मान हलवली. रकान्यावर क्लिक केलं, आकडा बघितला, पंचवीस मिलिमीटरच्या मर्यादेवर गेला होता. तेवढ्यात कानात माझं नाव आलं. मी कळ दाबली, बोलायला लागले, आणि पलीकडून आवाज, "मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात." मी वैतागून ब्राउझरवर गेले, पुन्हा दाबली, बोलले. काका तोवर तो शाफ्ट नापास मालाच्या लाल पेटीत टाकायला गेले होते. मीटिंग संपवून मी शीट बघितली तर लाल कुठेच नव्हता. मला वाटलं, काकांनी पुन्हा मोजला असेल, गेजला तेल लागलं असेल. काकांना विचारायचं सोडून मी पुढच्या कामाकडे वळले. काकांनी शिक्का उठवला, कारण लाल असेल तर मॅडम लॉट थांबवतील हे त्यांनी धरलंच होतं. लॉट गेला.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. लॉटमधले बरेच शाफ्ट जाड निघाले होते. आमचा रिपोर्ट काढून ग्राहकाने दोन ओळींवर बोट ठेवलं. एकाखाली एक, तिन्ही दशांशांपर्यंत तोच आकडा. त्यांनी विचारलं, मोजला की वरचा कॉपी केला?

मॅनेजर सरांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. काका म्हणाले, "न्हाई सायब, लाल आलता. शाफ्ट अजून पेटीत हाय. मॅडमला सांगितलंबी."

"पेटीत कधी टाकला ते कोण सांगणार?" सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं होतं?"

मला आठवत होतं. पण नंतर शीटमध्ये लाल नव्हता, हेही आठवत होतं. मी म्हणाले, "सांगितलं होतं, पण शीटमध्ये..." आणि थांबले. ते थांबणं आजही मला सलतं. सरांना तेवढं पुरलं. उद्या दहाच्या मीटिंगमध्ये इन्स्पेक्टर बदलला असं सांगायचं, तक्रार बंद. काकांनी खिशातून शिक्का काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला. त्यांची शिफ्ट अजून संपायची होती, म्हणून ते परत गेजपाशी गेले.

दुपारभर माझा पाय थांबेना. मी ती जुनी शीट उघडून त्या दोन ओळींकडे बघत बसले, कर्सर त्यांच्याच खालच्या रकान्यावर टेकवून. मागे ब्राउझरमध्ये ऑफिसची एक कंटाळवाणी मीटिंग चालू होती. तिच्यात अचानक मला काहीतरी विचारलं. मी कंट्रोल-डी दाबलं.

डोळ्यांसमोर रकान्यातला आकडा बदलला. वरचा आकडा खाली उतरला.

एक्सेलमध्ये कंट्रोल-डी म्हणजे वरच्या रकान्यातलं खाली भर. कॉलेजात आम्ही हे मार्कांसाठी पाठ केलं होतं! कळ त्या विंडोला जाते जी पुढे असते. पुढे मीटिंग असेल तर माइक, पुढे एक्सेल असेल तर हे. म्हणूनच त्या दिवशी माइक उघडला नव्हता. लाल आकडा मीच पुसला होता, काकांनी दाखवल्यावर, त्यावर बोट ठेवून.

मी सरांकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे सांगितलं तर ते म्हणतील सगळेच रिपोर्ट संशयास्पद. ऑडिट लावतील. माणूस बदलला की विषय संपतो. काकांना स्टोअरमध्ये घेऊ, पगार तोच. तुम्ही कशाला मधे पडता?"

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्यांचं म्हणणं मला सोयीचं होतं. अर्धा तास मी ते पटवून घेण्याचा प्रयत्न केला. मग सरळ आयटीच्या खोलीत गेले, कारण ग्राहक पहिला प्रश्न विचारणार तो ठरलेला असतो, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं? त्याला द्यायला मला उत्तर हवं होतं.

आयटीचे दादा मूळचे बीडचे. सगळं ऐकून म्हणाले, "मीटिंगच्या कळीचा नाद सोडा की मॅडम. माइकच बंद करणारी एक कळ करू. कोणत्या बी विंडोत असा, चालतीया."

त्यांनी एक छोटा फुकटचा प्रोग्राम टाकला, तो मागे गुपचूप बसून कळांवर कान ठेवतो. त्यात कळ नेमून द्यायची. कळ कोणती, यावरच आमचा वेळ गेला. दोन-तीन कळांची जोडणी मला नकोच होती, आणि एक्सेलला जी कळते ती तर मुळीच नको. शेवटी बाहेरच्या कीबोर्डवर उजवीकडे वर धूळ खात पडलेली 'पॉज' कळ सापडली. ती दाबून एक्सेलमध्ये काहीच होत नाही. मीटिंगमधला माइक आता कायम उघडा ठेवायचा, बंद-चालू खालून विंडोजच करणार. पण मग मीटिंगच्या पडद्यावर माइक उघडाच दिसणार, आपण खरे कुठे आहोत ते कळणार कसं? दादांनी आवाज जोडले. उघडला की बारीक शिट्टी, बंद झाला की जाड.

पहिल्याच चाचणीत फसलो. जाड शिट्टी वाजली, तरी चाचणीच्या मीटिंगला जोडलेल्या दादांच्या मोबाइलवर माझं बोलणं ऐकू येतच होतं. प्रोग्राम लॅपटॉपचा पोटातला माइक बंद करत होता आणि मी बोलत होते हेडफोनच्या माइकमधून. ते नीट केलं, लॅपटॉप चालू होताच प्रोग्राम आपोआप चालू होईल असं केलं, आणि मी पॉज दाबून बघत राहिले. बारीक, जाड, बारीक, जाड. दादा म्हणाले, "आता बास करा, कळ निखळंल."

आकुर्डीला घरी पोचेपर्यंत बसमध्येही माझा अंगठा ती कळ दाबत होता.

दुसऱ्या दिवशी दहाला सर माझ्या शेजारी येऊन बसले. काका गेजपाशी उभे होते, खिसा रिकामा, हाताची घडी. मी स्क्रीन शेअर केली होती, एक्सेल पुढे. पलीकडून विचारलं, "त्या रीडिंगचं काय झालं?"

सर बोलायला पुढे झुकले. मी पॉज दाबली. बारीक शिट्टी.

"इन्स्पेक्टरने बरोबर मोजलं होतं," मी म्हणाले. "लाल आला होता. तो मी पुसला. कसा, ते दाखवते." मी कोऱ्या शीटवर दोन आकडे लिहून ठेवले होते, वरचा मापात, खालचा लाल. लाल रकान्यावर क्लिक केलं, आणि...

जाड शिट्टी. सरांचा हात माझ्या कीबोर्डवर होता. "मॅडम," ते हळू म्हणाले, "विचार करा."

मी हेडफोन काढला नाही. पलीकडे लोक वाट बघत होते. काका माझ्याकडे बघत होते. मी सरांचं बोट तिथे असतानाच त्यावरून पॉज दाबली. बारीक शिट्टी. मग कंट्रोल-डी. लाल गेला. "असा," मी म्हणाले. या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पलीकडून एकजण म्हणाला, "हे तर आमच्याकडेही होत असेल."

ऑडिट लागलं. आठ दिवस जुने रिपोर्ट चाळले. मला मेमो मिळाला, निष्काळजीपणाचा, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मोजणी सुरू असताना त्या लॅपटॉपवर मीटिंग करायची नाही असं ठरलं. मीटिंगसाठी मला दुसरा, जुनाट लॅपटॉप मिळाला, पॉज कळीसकट. काकांचा शिक्का त्यांना परत मिळाला. त्यांनी तो रुमालाने पुसून खिशात ठेवला.

मला वाटलं होतं, आमचं आता जुळलं. मी काकांना म्हणालेसुद्धा, "काका, माफ करा."

"व्हय," काका म्हणाले. "तुमी सांगितलं, बरं केलं. पण त्या दिशी मी लाल म्हन्लो तवा तुमी मान हलवलीती."

आता लाल आला की काका गेज खाली ठेवतात. "मॅडम, लाल," म्हणतात, आणि उभे राहतात. मी हेडफोन काढते, त्यांच्याकडे वळते. मान हलवून भागत नाही. मी तोंडाने "लाल, बघितला" म्हणेपर्यंत ते पुढचा शाफ्ट हातात घेत नाहीत.