टायरमधून काढलेली हवा

एप्रिलचा तिसरा सोमवार, दुपारी एक : लोहा. त्याच दिवशी, सव्वादोन : अहमदपूर. पावणेतीन : चाकूरच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. जबाबदार : एक, गाडीचा चालक, दोन, रस्त्याचा ठेकेदार, तीन, टायर बनवणारी कंपनी. माझ्या तक्रारअर्जात हा क्रम होता, आणि अर्ज मी दुसऱ्याच दिवशी गाडीच्या मालकाला नोंदणीकृत टपालाने पाठवला होता. चाळीस वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढलेल्या माणसाला अर्ज लिहायला वेळ लागत नाही. चौकशीला मात्र लागतो, आणि तो मी दिला नाही.

नांदेडहून लातूरला बहिणीकडे निघालो होतो. भाड्याची गाडी, आम्ही पती-पत्नी, मेहुणे, त्यांची सून, डिकीत गव्हाची दोन पोती. चालक तिशीतला, मुदखेडचा, बोलायला कमी. लोह्याला चहासाठी थांबलो तेव्हा पंक्चरच्या दुकानदाराने मागच्या टायरला हात लावला अन् झटक्यात मागे घेतला.

"लई तापलाय. हवा फुगली. कमी करू का?"

हवेच्या मापकावर अडतीस पौंड दिसत होते. निघताना बत्तीस होते, हे मी स्वतः पाहिले होते.

"काका, नका काढू," चालक म्हणाला. "बत्तीस हे गार टायरचं माप हाय. चालून चालून वाढतंच ते. कंपनीनं तेवढं धरलेलं असतंय."

"आणि फुटला म्हणजे?"

"हवा काढली तर फुटंल."

मेहुणे हसले. "हा उलट्या खोपडीचा दिसतोय!"

मी हवा अठ्ठावीसवर आणवली. आमच्याकडे उन्हाळ्यात हेच करतात. माझ्या वडिलांच्या काळापासून करत आले आहेत. अहमदपूरला पुन्हा मोजली, तर मापक तेहतीसवर. मी चालकाला विजयाने ते दाखवले आणि पुन्हा हवा सोडायला लावली. त्याने सोडली. भाडे माझे होते.

सिमेंटचा रस्ता पांढरा पडला होता. वेग नव्वदच्या आसपास. आधी मागून फडफड ऐकू आली, मग तोफेसारखा आवाज. गाडी डावीकडे ओढली गेली. मी ओरडलो, "ब्रेक! ब्रेक मार!" त्याने ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही हातांनी सुकाणू सरळ धरून त्याने गाडीला तिच्या मनाने हळू होऊ दिले आणि कडेच्या मुरुमावर थांबवली. पत्नीच्या मनगटाला लचक आली, बाकी कोणाला खरचटलेही नाही. मी मात्र अर्जात लिहिले : चालकाने ब्रेक लावण्यात कसूर केली.

अर्ज हाती पडल्यापासून चोवीस तासांत गाडीच्या मालकाने त्याला कामावरून काढले.

फुटलेला टायर पुरावा म्हणून मी लातूरलाच ठेवून घेतला होता. कंपनीवर दावा लावायचा तर जाणकाराचे मत हवे, म्हणून आठवड्याने तो टायरला रबर चढवणाऱ्या एका कारागिराकडे नेला.

"या, वकीलसाब."

"मी वकील नाही."

"मग कागद एवढे कशाला?" त्याने टायर उलटा केला आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवले. बोटावर रबराचा काळा भुगा आला. बाजूच्या भिंतीवर पूर्ण वर्तुळभर घासल्याची पट्टी उमटली होती. "हवा कमी हुती. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दबतो, वाकतो. वाकला की आतून तापतो. थंडीत वारा अन् रस्ता ती गरमी ओढून नेतात. आता रस्ताच तवा हाय, गरमी जाणार कुठं? त्यात वजन, त्यात वेग. रबर अन् दोरे सुटतात, मग जातो. कोणी काढली हवा?"

अहमदपूरला हवा काढूनही मापक का चढले होते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. टायर आतूनच शिजत होता, आणि मी त्या चढलेल्या आकड्याला पुरावा मानून टायरच्याच जिवावर उठलो होतो. ब्रेक दाबला असता तर गाडी उलटली असती, हेही त्याच कारागिराने सांगितले.

त्याच संध्याकाळी मी मालकाला दुसरे पत्र लिहिले : पहिला अर्ज असत्य आहे, हवा माझ्या आदेशाने काढली गेली, चालकाने दोनदा विरोध दर्शवला, आमचे प्राण त्याने वाचवले. मी मुदखेडला जाऊन त्याची क्षमाही मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या काका, गाडी मिळवून द्या."

मालकाला तीन पत्रे गेली, तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर नाही. दूरध्वनीवर एवढेच म्हणाले, "एकदा टायर फुटलेला डायव्हर गिऱ्हाइकाला चालत नाही."

गिऱ्हाईक मी होतो. मला तो चालतो. तेव्हा गाडीच्या मालकांनी, माझ्या एका खोट्या अर्जावर चोवीस तासांत काढलेल्या माणसाला माझ्या तीन खऱ्या पत्रांनंतरही का घेतले नाही, याचे उत्तर मला खासगीत न देता, नांदेडच्या गाडीतळावर सगळ्या चालकांसमोर द्यावे. मी तिथे हजर राहीन, आणि माझा कबुलीजबाब आधी वाचीन.