एम.एस्सी. की वाळूजची नोकरी
बी.एस्सी. झालो त्याच आठवड्यात वाळूजच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबरही लागला. मला प्राध्यापक व्हायचं होतं, पण दोन वर्षांची फी आणि खोलीभाडं वडिलांना झेपणारं नव्हतं. सल्ला विचारायला कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांकडं गेलो. ते एम.एस्सी., नेट होऊनही तासिकेवर शिकवायचे. सगळं ऐकून त्यांनी दार लोटलं नि हळूच विचारलं, "तिथं अजून एखादी जागा हाय का रे?"

महिन्याभरात आम्ही दोघंही कंपनीच्या बसमध्ये होतो. फक्त एम.एस्सी.मुळं ते माझे साहेब झाले. मी नमुने तपासायचो, ते सही करायचे. वर्षभर पगारातून फी साठवली आणि राजीनामा त्यांच्यापुढं ठेवला.

"लई शहाणा झालास," सर म्हणाले. "फक्त आता प्राध्यापक होऊ नकोस."